पांढरा, सायीचा, पिवळा : सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीच्या नोंदी

१ डिसेंबर, सोमवार

बारावीच्या सरावाच्या प्रॅक्टिकलला आज सॉल्ट अ‍ॅनालिसिस होतं. आठ जणांच्या वाट्याला पोटॅशियम ब्रोमाइड आलं. तिघांनी क्लोराइड लिहिलं, दोघांनी आयोडाइड, आणि उरलेल्या तिघांनी ब्रोमाइड. बरोबर लिहिणाऱ्यांपैकी एकाला विचारलं, "कशावरून ओळखलंस?" तो म्हणाला, "मॅडम, शेजारच्याचं पांढरं होतं, त्या मानानं माझं जरा मळकट वाटलं." म्हणजे शेजारी क्लोराइडवाला नसता तर हाही गेला असता.

क्षाराच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं की त्यातली चांदी क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइड यांपैकी जे हॅलाइड असेल त्याला धरते आणि न विरघळणारा अवक्षेप पडतो. त्याबद्दलची जर्नलमधली वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. पांढरा, दह्यासारखा फुटलेला अवक्षेप, विरल अमोनियात विरघळतो, तर क्लोराइड. फिकट पिवळा, अमोनियात कष्टानं विरघळतो, तर ब्रोमाइड. पिवळा, अमोनियात विरघळत नाही, तर आयोडाइड. वाक्यांत चूक काही नाही. पण 'फिकट' म्हणजे किती आणि 'कष्टानं' म्हणजे किती, हे त्यात कुठेच नाही, आणि ब्रोमाइडची सगळी भिस्त नेमकी या दोन शब्दांवर आहे.

ब्रोमीनच्या बाबतीत फसणारी ही पहिलीच माणसं नव्हेत. १८२६ साली बालारनं ब्रोमीनचा शोध जाहीर केला तेव्हा लीबिगसारख्या रसायनशास्त्रज्ञाकडे त्याची बाटली आधीपासून पडून होती, आणि तीवर आयोडीनचं क्लोराइड अशी चिठ्ठी होती. क्लोरीन आणि आयोडीन यांच्या मधल्या भावंडाची ओळख अशीच होते : थोडं थोरल्यासारखं, थोडं धाकट्यासारखं.

जानेवारी संपता संपता बोर्डाची प्रॅक्टिकल येतील. तोवर रोज कॉलेज सुटल्यावर तासभर यावर घालवायचा असं ठरवलंय. चूक मुलांच्या डोळ्यांत आहे की आपण शिकवतो त्या पद्धतीत, एवढंच बघायचंय.

३ डिसेंबर, बुधवार

आज द्रावणं केली. तिन्ही क्षारांची तीव्रता सारखी नसेल तर रंगांची तुलना करण्यात अर्थ नाही, म्हणून सगळी ०.१ मोलर. प्रत्येकी १०० मिलीलिटरला पोटॅशियम क्लोराइड ०.७५ ग्रॅम, ब्रोमाइड १.१९ ग्रॅम, आयोडाइड १.६६ ग्रॅम. सिल्व्हर नायट्रेट १.७० ग्रॅम, तेही १०० मिलीलिटरला, तपकिरी बाटलीत. वजन करताना बोटाला एक कण लागला. संध्याकाळपर्यंत तिथे काळा डाग उमटला, आता चारपाच दिवस जायचा नाही.

पाण्याची तपासणी करून घेतली. एका परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत नळाचं, म्हणजे आमच्या बोअरचं. दोन्हींत दोन-दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. पहिली तशीच स्वच्छ राहिली. दुसरीत ताकाच्या निवळीसारखा पांढुरका गढूळपणा लगेच आला. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलीग्रॅमपर्यंत असावं असं भारतीय मानक सांगतं. आमचं बोअरचं पाणी चवीला मचूळ आहे, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

प्रयोगशाळेतले मामा परीक्षानळ्या नळाखाली धुऊन नळ्यांच्या घोड्यावर उलट्या लावतात. त्यांना म्हटलं, "मामा, शेवटचं खळबळणं डिस्टिल्डनं करायचं." ते म्हणाले, "मॅडम, डिस्टिल्डचा कॅन आठवड्याला एक येतो, हे तुम्हीच सांगा वर." खरं आहे. शेवटी असं ठरलं की नळी नळाच्याच पाण्यानं धुवायची, नीट झटकायची, आणि ड्रॉपरभर डिस्टिल्डनं एकदाच विसळायची.

नळीत राहिलेल्या या पाण्याचा खरा उपद्रव कुठे होतो ते मात्र नीट समजून घ्यायला हवं. क्षारात ब्रोमाइड भरपूर असेल तर चांदी आधी त्याच्याकडेच जाते, पाण्यातल्या क्लोराइडला वाटा मिळत नाही. घोटाळा होतो तो क्षारात हॅलाइड मुळीच नसताना. समजा, पोरीला नायट्रेट मिळालंय. तिला पांढुरका गढूळपणा दिसतो आणि ती बेधडक क्लोराइड लिहिते. मागच्या वर्षी असे दोन पेपर मी स्वतः तपासलेत.

४ डिसेंबर, गुरुवार

तिघांना शेजारी शेजारी उभं केलं. प्रत्येक नळीत १ मिलीलिटर द्रावण, ४ थेंब विरल नायट्रिक आम्ल, ५ थेंब सिल्व्हर नायट्रेट.

क्लोराइड : चुन्यासारखं पांढरंशुभ्र. हलवलं की गुठळ्या होतात, नासलेल्या दुधासारख्या. ब्रोमाइड : दुधावरच्या सायीचा रंग, गाईच्या दुधाची साय, म्हशीची नव्हे. आयोडाइड : फिकट पिवळा, पिकायला लागलेल्या लिंबाच्या सालीसारखा. गर्द पिवळा कधीच येत नाही. मुलांच्या डोक्यात 'पिवळा' म्हणजे हळद असते, म्हणून आयोडाइड समोर असूनही कितीतरी जण ब्रोमाइड लिहितात.

तिन्ही नळ्या खिडकीपाशी असेपर्यंत चूक होणं कठीण होतं. मग त्याच नळ्या मागच्या ओळीतल्या टेबलावर नेल्या. तिथे खिडकीचा उजेड पोचत नाही आणि डोक्यावर जुना पिवळा बल्ब आहे. तिथे क्लोराइड आणि ब्रोमाइड यांत मला स्वतःला फरक सांगता येईना. दोन्ही सायीसारखे. फक्त आयोडाइड तेवढं कसंबसं वेगळं दिसत होतं.

कारण साधं आहे. क्लोराइडचा अवक्षेप दिसणाऱ्या उजेडातलं जवळजवळ काही शोषत नाही, म्हणून पांढरा. आयोडाइड जांभळ्या टोकाचा प्रकाश जोरात शोषतं, म्हणून पिवळं. ब्रोमाइड निळ्या-जांभळ्यातला थोडासाच, तोही दुबळेपणानं शोषतं. म्हणजे फरक आहे तो सगळा निळ्या बाजूला, आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा मुळात नसतो म्हटलं तरी चालेल. जो रंग उजेडातच नाही तो शोषला गेला की नाही हे कसं कळणार? साड्यांच्या दुकानात बायका साडी घेऊन दाराशी येतात ती याचसाठी.

सोमवारी ब्रोमाइडला क्लोराइड म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघं मागच्या ओळीत होते. जागांची यादी काढून पाहिली तेव्हा कळलं.

६ डिसेंबर, शनिवार

आज ब्रोमाइडचं द्रावण दहापट पातळ केलं, म्हणजे ०.०१ मोलर, आणि त्यात एकच थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकला. अवक्षेप असा पडलाच नाही, नुसतं दुधाळ झालं. त्या दुधाळपणाला सायीची छटा नव्हती. उलट किंचित निळसर वाटत होती, पाणी घातलेल्या दुधासारखी.

इथे दोन गोष्टी एकमेकींवर कुरघोडी करतात. अगदी बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून पातळ गढूळपणा निळसर पांढरा दिसतो. आणि ब्रोमाइडची स्वतःची छटा इतकी हलकी की थोड्याशा मालात ती दिसायला पुरत नाही. विखुरलेला निळा वरचढ ठरला की पोरगं 'पांढरा' लिहून मोकळं. त्याच्या डोळ्याला दोष देता येणार नाही, त्याला खरंच पांढरं दिसलं.

उपाय म्हणून तीच नळी कोमट पाण्याच्या चंचुपात्रात दोन मिनिटं धरली, तोंडाला बूच लावून जोरात हलवली आणि घोड्यावर ठेवली. दहा मिनिटांनी कण गोळा होऊन तळाशी चिमूटभर साका बसला, आणि तो सायीच्या रंगाचा होता. पदार्थ तोच, पसरलेला असताना पांढरा दिसला, गोळा झाल्यावर खरा रंग कळला. नायट्रिक आम्लाचे थेंब घालण्याचा एक फायदा इथेही होतो, कण लवकर गोळा होतात.

म्हणून एक नियम काढला. रंग गढूळ द्रावणाचा लिहायचा नाही, खाली बसलेल्या साक्याचा लिहायचा. आणि तो बघताना नळीमागे पांढरा कागद, शेजारी ओळखीच्या क्लोराइडची नळी. फळ्यावर सायीचा रंग काढून दाखवता येत नाही, पांढऱ्याशेजारी ठेवला तरच तो दिसतो.

९ डिसेंबर, मंगळवार

आज अमोनिया. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगात शंका असली की मुलं अमोनियाकडे वळतात आणि अमोनिया शेवटचा निकाल देतो असं आपण शिकवतो. पण अमोनिया 'विरघळतो की नाही' असं सांगत नाही. तो 'किती विरघळतो' ते सांगतो. चांदीचा आयन अमोनियाच्या दोन रेणूंना धरून द्रावणात जातो. क्लोराइडच्या पकडीतून चांदी सहज सुटते, ब्रोमाइडच्या पकडीतून कष्टानं, आयोडाइडच्या पकडीतून जवळजवळ नाहीच. ही पकड विद्राव्यता गुणाकारावरून कळते, तो जितका लहान तितकी पकड घट्ट. तिघांचे विद्राव्यता गुणाकार अंदाजे 1.8 × 10⁻¹⁰, 5 × 10⁻¹³ आणि 8.5 × 10⁻¹⁷. यावरून १ मिलीलिटर अमोनिया किती अवक्षेप पोटात घेईल याचा हिशेब मांडला. आकडे ढोबळ आहेत, पण कामापुरते बरोबर.

विरल अमोनिया, २ मोलर : क्लोराइड सुमारे १४ मिलीग्रॅम, ब्रोमाइड सुमारे १ मिलीग्रॅम, आयोडाइड जेमतेम ०.०२ मिलीग्रॅम. आता बाटलीतली लिकर अमोनिया, २५ टक्के, म्हणजे साधारण १३ मोलर : ब्रोमाइड सुमारे ७ मिलीग्रॅम, आयोडाइड अजूनही ०.१ च्या आसपास.

आता मुलं किती अवक्षेप पाडतात ते बघू. आमच्या ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे १ मिलीलिटर. ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटच्या एका थेंबातून ब्रोमाइडचा अवक्षेप पडतो ०.९४ मिलीग्रॅम. म्हणजे जवळपास १.

एक थेंब टाकणाऱ्या मुलीला १ मिलीग्रॅम मिळालं. तिनं मिलीलिटर-दोन मिलीलिटर विरल अमोनिया ओतला आणि ते विरघळलं. तिनं क्लोराइड लिहिलं. वीस थेंब टाकणाऱ्या मुलाला १९ मिलीग्रॅम मिळालं. विरल अमोनियात गेलं नाही, म्हणून त्यानं १ मिलीलिटर लिकर घातली. तिची ताकद ७ मिलीग्रॅमची. बाकीचं तळाशी बसून राहिलं आणि त्यानं आयोडाइड लिहिलं. पाच थेंब टाकणाऱ्याला ४.७ मिलीग्रॅम मिळालं. विरलमध्ये बहुतेक सगळं शिल्लक, लिकरमध्ये साफ. त्याचं उत्तर ब्रोमाइड.

एकच क्षार, एकच बाटली, आणि हात किती सढळ यावर तीन उत्तरं! सोमवारच्या आठ मुलांची वाटणी अशीच झाली होती. हे कागदावर मांडल्यावर तिन्ही नळ्या प्रत्यक्षात करून पाहिल्या. तसंच झालं, फक्त एका थेंबाच्या नळीत १ मिलीलिटर विरल अमोनियानंतरही किंचित धूसरपणा राहिला, आणखी अर्धा मिलीलिटर घातल्यावर गेला.

सढळ हात क्लोराइडलाही नडतो. वीस थेंबांनी १४ मिलीग्रॅम क्लोराइड पडतं आणि १ मिलीलिटर विरल अमोनिया तेवढंच घेऊ शकतो. नळीत आधीचं पाणी असलं तर तेवढंही नाही. मग क्लोराइडही 'पूर्ण विरघळला नाही' या रकान्यात जातं.

शेवटच्या मुद्द्यानं मलाच चकवलं. पाच थेंबांची नळी दुसऱ्यांदा केली तेव्हा वरचं पाणी न ओतता तसाच १ मिलीलिटर लिकर घातला. ब्रोमाइड विरघळेना. आधी वाटलं बाटली उतरली. मग लक्षात आलं की पाच थेंब चांदीनं बहुतेक ब्रोमाइड द्रावणात तसंच राहतं, कारण द्रावण १ मिलीलिटर होतं आणि चांदी पाव मिलीलिटर. ते शिल्लक ब्रोमाइड चांदीला परत ओढून घेतं, आणि आधीचं पाणी अमोनियाला निम्म्याहून पातळ करतं. हिशेब केला तर अशा नळीत ३ मिलीग्रॅमच्या आसपासच विरघळतं, ४.७ नाही. म्हणून वरचं पाणी ओतून द्यायचं, साका एकदा डिस्टिल्डनं धुवायचा, पुन्हा बसू द्यायचा, आणि मग अमोनिया. या पायरीला दोन मिनिटं लागतात. जर्नलमध्ये ती नाही.

लिकरची बाटली उघडी राहिली की वायू उडून जातो हेही इथे आलंच. ताकद निम्मी झाली तर तिची ब्रोमाइड घेण्याची क्षमताही निम्मी, म्हणजे ३.५ मिलीग्रॅम, आणि पाच थेंबांचा अवक्षेपही मग शिल्लक दिसेल. आमची जुनी बाटली मार्चपासून उघडी होती. नवी मागवली.

११ डिसेंबर, गुरुवार

आजचा घोळ माझ्यासमोर घडला. सगळ्या गटांना सोडियम कार्बोनेट अर्क करून दिला होता. अर्कात कार्बोनेट भरपूर असतं, म्हणून सिल्व्हर नायट्रेटआधी विरल नायट्रिक आम्लानं तो पुरता आम्लधर्मी करायचा असतो. एका मुलीनं चार थेंब मोजून घातले, 'कृतीत चार थेंब आहेत' म्हणून. अर्कासाठी चार थेंब काहीच नाहीत. तिच्या नळीत फिकट पिवळट अवक्षेप पडला आणि तिला ब्रोमाइड दिसलं. तो होता सिल्व्हर कार्बोनेट. तिला आम्ल आणखी घालायला सांगितलं. फसफसून बुडबुडे आले आणि अवक्षेप नाहीसा झाला. नळीत हॅलाइड नव्हतंच.

फसफस थांबेपर्यंत आम्ल घालायचं, मग निळ्या लिटमसला विचारायचं, मग आणखी दोन थेंब. थेंब मोजण्यापेक्षा हे बरं.

त्याच तासाला मागच्या टेबलावर एकानं नायट्रिकऐवजी शेजारची विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उचलली. त्याच्या नळीत इतकं सुंदर दह्यासारखं क्लोराइड पडलं की तो खुशीत दाखवायला आला. मी विचारलं, "आम्ल कुठलं घेतलंस?" त्यानं बाटलीकडे पाहिलं आणि जीभ चावली. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "मॅडम, माझंपण तसंच असणार, बाटली आम्हा दोघांत होती."

यावर एक स्वस्त उपाय आहे : कोरी नळी. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेच आम्ल, तोच सिल्व्हर नायट्रेट, क्षार नाही. ती स्वच्छ राहिली तर पुढे जायचं. गढूळ झाली तर दोष क्षारात नाही, पाण्यात, नळीत किंवा बाटलीत आहे. दर टेबलाला एक कोरी नळी पुरते. दोन्ही आम्लांच्या बाटल्या आता वेगवेगळ्या फळ्यांवर गेल्या आहेत. मामांनी हायड्रोक्लोरिकच्या बुचावर लाल रंगाचा ठिपका दिलाय.

१३ डिसेंबर, शनिवार

ऊन छान होतं, म्हणून तीन नळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. दहा मिनिटांत क्लोराइडच्या नळीची उन्हाकडची बाजू जांभळट करडी झाली. पाठची बाजू अजून पांढरी. ब्रोमाइड सावकाश मळकट होत गेलं. आयोडाइडवर काही फरक दिसला नाही. पोटॅशियम आयोडाइड जास्त असलं की हा अवक्षेप उन्हाला फारसा दाद देत नाही. सिल्व्हर नायट्रेट जास्त असता तर वेगळं दिसलं असतं.

हे फोटोग्राफीमुळे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण चाचणीच्या वेळी कोणाच्या ध्यानात राहत नाही. अवक्षेप पाडून मूल अमोनियाच्या रांगेत उभं राहतं. तेवढ्यात खिडकीकडेच्या टेबलावरचं क्लोराइड करडं होतं, आणि परत आल्यावर ते 'पांढरा नाही' असं लिहितं. रंग लगेच लिहायचा, आणि साका बसेपर्यंत घोडा सावलीत ठेवायचा. खिडकीचा उजेड हवा, ऊन नको.

१६ डिसेंबर, मंगळवार

नवीन कृती एका कार्डावर लिहून प्रत्येक टेबलाला दिली. क्षाराचं द्रावण १ मिलीलिटर, आम्ल, लिटमस, मोजून पाच थेंब सिल्व्हर नायट्रेट, हलवून साका बसू देणं, ओळखीच्या क्लोराइडशेजारी रंग बघणं, वरचं पाणी ओतून धुणं, १ मिलीलिटर विरल अमोनिया, आणि राहिलं तर ते ओतून १ मिलीलिटर लिकर. लिकरचं काम उघड्या खिडकीपाशी, मी स्वतः उभी असताना.

बारा नळ्या, नुसते नंबर घातलेल्या, मामांनी भरल्या. कुठल्या नंबरात काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. बारापैकी दहा बरोबर आल्या. चुकलेल्यांपैकी एक साधीच चूक : मुलीनं थेंब मोजताना ड्रॉपर दाबला आणि धारच लागली. तिला कळलं होतं, पण नळी पुन्हा करायचा कंटाळा केला.

दुसरी चूक मात्र माझ्या कृतीचीच निघाली, आणि ती काढली मामांनी. ते म्हणाले, "मॅडम, सातव्या नळीत मी दोन्ही घातलं होतं, पोटॅशियमचं क्लोराइड आणि ब्रोमाइड. म्हटलं, बघू काय म्हणतात." मुलानं ब्रोमाइड लिहिलं होतं, अगदी खात्रीनं. माझ्या कृतीनं दुसरं काही लिहिताच आलं नसतं. पाच थेंब चांदी, आणि समोर दोन्ही हॅलाइड सारख्याच प्रमाणात. विद्राव्यता गुणाकारांत साडेतीनशेपट फरक असल्यानं ती सगळी ब्रोमाइडच्या खिशात जाणार, क्लोराइडला हातही लागणार नाही. पाच थेंबांचा नियम एकट्या हॅलाइडला ओळखायला चांगला आहे, पण दुसरं असेल तर ते लपवतो.

बोर्डाच्या क्षारात एकच ऋणायन असतो, म्हणून मुलांचं नुकसान नाही. तरी सातवी नळी तशी सोडवेना. तिथेच मुलांसमोर वेगळ्या पद्धतीनं केली. तोच नमुना, पण या वेळी सिल्व्हर नायट्रेट भरपूर, आणखी एक थेंब टाकल्यावर वरच्या स्वच्छ पाण्यात नवा गढूळपणा येईनासा होईपर्यंत. साका धुतला, त्यात विरल अमोनिया घालून हलवला आणि वरचं द्रावण दुसऱ्या नळीत गाळून घेतलं. त्यात नायट्रिक आम्ल घातल्याबरोबर पांढरे ढग उतरले. अमोनियाला आम्लानं गुंतवलं की चांदी पुन्हा क्लोराइडला धरते. तुलनेसाठी हीच कृती निव्वळ ब्रोमाइडवर केली तेव्हा तिथे जेमतेम धूसरपणा आला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मामांना एक मार्क द्या."

ज्यांना शंका उरते त्यांना क्लोरीन वॉटरची चाचणी सांगून ठेवलीय. न वापरलेल्या द्रावणात क्लोरीन वॉटर आणि थोडं क्लोरोफॉर्म घालून हलवलं की खालच्या थरात ब्रोमीन नारिंगी-तपकिरी उतरतं, आयोडीन जांभळं. तिथे छटेचा वादच नाही. पण एक इशारा : क्लोरीन वॉटर ताजं हवं, आणि आयोडाइडवर ते फार ओतलं तर जांभळा रंग येऊन पुन्हा नाहीसा होतो. घाई करणाऱ्यांना तो दिसतच नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आवराआवर. अमोनियात विरघळलेल्या चांदीच्या नळ्या दोन दिवस घोड्यावर तशाच राहिल्या होत्या, ते बघून आज मी चांगलीच चिडले, आधी स्वतःवर. असं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात काळसर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि तो हलवण्यानंही उडू शकतो. नळ्यांत काळं काही दिसत नव्हतं. तरी न हलवता, चष्मा घालून, जागच्या जागी प्रत्येकीत हळूहळू विरल नायट्रिक आम्ल सोडलं. सगळीकडे अवक्षेप परत आला, आणि मग तो एका रुंद तोंडाच्या बाटलीत ओतला. आता कार्डाच्या शेवटी ओळ वाढवली आहे : अमोनियाची नळी त्याच तासाला आम्लानं मोडायची, बेसिनमध्ये ओतायची नाही.

बाटलीत सव्वा बोट साका जमलाय, खाली पिवळट, वर करडा. सिल्व्हर नायट्रेटचं बिल बघितल्यावर तो फेकवत नाही. सुट्टीत जस्ताचा चुरा आणि विरल सल्फ्युरिक आम्ल घालून यातली चांदी काढता येते का ते बघणार आहे. मामांनी चिठ्ठी लावलीय : 'चांदी. हात लावू नये.' त्याखाली पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलंय, 'पाच थेंबांची.'